माल चांगला, तरी गाडी परत: डीसीला माल देताना उरलेल्या मुदतीचा हिशोब

सांगलीहून भिवंडीला एका दुकानसाखळीच्या डीसीला, म्हणजे वितरण गोदामाला, गेलेली आमची गाडी पहिल्यांदा परत आली, ती दोन दिवस कमी पडले म्हणून. गाडीत पोह्यांचा चिवडा होता, १२० खोकी, एका खोक्यात २४ पाकिटे. बेस्ट बिफोर संपायला अजून ८८ दिवस होते. रिसीव्हिंगवरच्या मुलाने एक खोके फोडले, पाकिटावरची तारीख हातातल्या मशीनमध्ये टाकली आणि मान हलवली. मी म्हणालो, ‘‘अरे, एक पाकीट फोडून खाऊन तरी बघ, कुरकुरीत आहे की नाही.’’ तो म्हणाला, ‘‘काका, चव बघायचं माझं काम नाही. सिस्टीम लाल दाखवतेय, मी घेऊ शकत नाही.’’

त्याचं बरोबर होतं, हे कळायला मला आणखी काही महिने लागले. गृहउद्योग, बचत गट किंवा छोटं फरसाण युनिट चालवणारे आता मोठ्या दुकानसाखळ्यांना आणि ॲपवाल्यांना माल द्यायला लागले आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण फरसाणाचं घेतलंय, कारण मला तेच ठाऊक आहे.

आधी नियम नीट वाचा

साखळीशी करार करताना जी कागदपत्रं येतात, त्यात कुठेतरी एक ओळ असते: माल स्वीकारताना एकूण शेल्फ लाइफच्या किमान इतके टक्के मुदत शिल्लक असावी. आमच्या करारात ७५ टक्के होते. कुणाकडे हा आकडा कमी असतो, कुणाकडे जास्त. ब्रेड, दूध, पनीर अशा मालाला टक्के लावून उपयोग नाही, तिथे सरळ दिवस लिहिलेले असतात. तुमच्या करारात जे लिहिलंय तेच तुमच्यासाठी खरं. दुसऱ्या सप्लायरच्या सांगण्यावर जाऊ नका.

हा आकडा सरकारचा नाही, हेही लक्षात घ्या. दुकानाने सप्लायरकडून माल घेताना किती मुदत उरलेली असावी, याचा टक्का एफएसएसएआयने ठरवून दिलेला नाही. तो खरेदीदाराचा व्यापारी नियम आहे. सरकारी आकडा दोन ठिकाणी येतो. आयात केलेलं खाद्य बंदरातून सुटताना ६० टक्के किंवा तीन महिने, यातली जी मुदत कमी असेल तेवढी शिल्लक लागते. दुसरा आकडा ऑनलाइन विक्रीचा. ग्राहकाच्या हातात माल पडताना किमान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत उरलेली असावी, असं एफएसएसएआयने ई-कॉमर्सवाल्यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं. पहिल्याशी आपलं काही देणंघेणं नाही. दुसऱ्याची झळ मात्र आपल्यापर्यंत येते. कशी, ते पुढे येईल.

आता हिशोब. बेस्ट बिफोरच्या तारखेतून डॉकवर माल उतरण्याची तारीख वजा करायची, म्हणजे उरलेले दिवस मिळतात. त्यांना एकूण दिवसांनी भागायचं. एक्सेलमध्ये B2 ला पॅकिंगची तारीख, C2 ला बेस्ट बिफोरची आणि D2 ला डॉकवर पोचण्याची तारीख टाका:

```
=(C2-D2)/(C2-B2)
```

उत्तराला टक्क्यांचं फॉरमॅट द्या. पण रोजच्या कामात याहून उपयोगी पडतं ते उलटं गणित: हा बॅच डॉकवर जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत चालेल?

```
=C2-ROUNDUP((C2-B2)*0.75,0)
```

आमचा चिवडा ३ मार्चला पॅक झाला. शेल्फ लाइफ १२० दिवस, म्हणजे मुदत १ जुलैपर्यंत. ७५ टक्के म्हणजे ९० दिवस शिल्लक हवेत, म्हणून डॉकची शेवटची तारीख २ एप्रिल. आमची गाडी उतरायला लागली ४ एप्रिलला. ८८ भागिले १२०, म्हणजे ७३ टक्क्यांच्या थोडं वर. संपला विषय.

नवीन माणूस इथे हमखास एक चूक करतो. १२० दिवसांचा माल आहे, मग माझ्या हातात बराच वेळ आहे, असं त्याला वाटतं. त्याच्या हातात असतात ३० दिवस. उरलेले ९० त्याचे नाहीतच, ते दुकानाचे आहेत. करार वाचताना ७५ हा आकडा डोळ्यांत भरतो, पण भिंतीवर लिहून ठेवायचा आकडा ३० आहे.

दुकानाला ९० दिवस कशाला लागतात?

मला हा प्रश्न फार दिवस छळत होता. आमच्या गावातला किराणावाला आठवड्यात चिवडा संपवतो, मग यांना तीन महिने कशाला?

एकदा त्यांच्याच गोदामातल्या एका जाणत्या माणसाने चहा पिता पिता कागदावर मांडून दाखवलं. आकडे ढोबळ होते, पण डोकं उघडलं. डीसीत माल पंधरा-वीस दिवस पडून राहतो, कारण तो एकदम घेतात आणि दुकानांना थोडा थोडा पाठवतात. गाडी, दुकानाची मागची खोली आणि रॅकवर लागणं यात आणखी चार-पाच दिवस. शेवटचे ४५ दिवस तर विक्रीत धरायचेच नाहीत, कारण ऑनलाइन ऑर्डरला तेवढी मुदत उरलेली हवी आणि रॅकवरचाच माल ऑनलाइन ऑर्डरमध्येही जातो. सरकारने ई-कॉमर्सला घातलेली अट आपल्या डॉकवर येते ती या वाटेने. ९० मधून ४५ गेले, वर २० गेले, उरले २५ दिवस. खरी विक्री त्यातच.

आता माल ९० ऐवजी ७० दिवस शिल्लक असताना आला असं धरा. ७० मधून ४५ वजा केले की २५ उरतात. त्यातले डीसीत आणि वाटेत अगदी १२ गेले असं धरलं, तरी रॅकवर विकायला १३ दिवस. दुकानात खोकं येतं २४ पाकिटांचं, आणि मध्यम दुकानात असा चिवडा दिवसाला एखाददुसरंच पाकीट जातो. एकाच्या हिशोबाने १३ विकली जातील, ११ रॅकवर राहतील. ती अर्ध्या किमतीच्या टोपलीत जाणार, नाहीतर परत येणार. म्हणजे खोक्यातला जवळपास निम्मा माल पहिल्याच दिवशी बुडीत. दुकानात गिऱ्हाईक हात मागे घालून ताजी तारीख शोधतं, ते तर तुम्हीही करता. त्यामुळे जुनी तारीख पुढे तशीच राहते.

म्हणून ती मान हलवणं हा तुमच्या चिवड्याच्या चवीचा निकाल नसतो. एक खोकं किती दिवसांत विकलं जाईल, याचा तो अंदाज असतो. जपानमध्ये तर मुदतीचे तीन समान भाग करायची जुनी रीत आहे: पहिल्या भागात कारखान्याने दुकानापर्यंत पोचवायचं, दुसऱ्यात दुकानाने विकायचं, तिसरा गिऱ्हाइकाच्या घरी. त्यांच्याकडे १२० दिवसांच्या मालाला ४० दिवस मिळाले असते. आपल्याला ७५ टक्क्यांत ३० मिळतात. अन्न वाया जातं म्हणून अलीकडे तिथे ही रीत सैल करायचे प्रयत्न चालू आहेत. आपल्याकडे तसं काही होईपर्यंत आपण ३० दिवसांत बसायचं.

३० दिवस जातात कुठे, ते मोजा

हे काम कॅलेंडर समोर ठेवून करा. आमच्या त्या बॅचचं असं झालं.

३ मार्चला पॅकिंग. पाच दिवस तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत माल अडवून ठेवला. ८ तारखेला मोकळा झाला, पण ऑर्डर कुठे होती? हा माल आम्ही ‘लागेलच’ म्हणून आधीच तळून ठेवला होता. पीओ आला १९ तारखेला. म्हणजे १६ दिवस गेले, त्यातले ११ निव्वळ गोदामात बसून. डीसीची अपॉइंटमेंट मागितली, ३० मार्च मिळाली. तोपर्यंत २७ दिवस गेले असते, शिल्लक ९३, म्हणजे ७७ टक्के. आरामात बसलो असतो.

पण मार्चअखेर म्हणजे डीसीत मालमोजणी. रिसीव्हिंग बंद. अपॉइंटमेंट ४ एप्रिलवर गेली. मी गाडी भरण्याच्या गडबडीत होतो, तारखेकडे कुणी पाहिलंच नाही. अपॉइंटमेंट पुढे गेल्याचा मेल आला तेव्हा नुसतं ‘ठीक आहे’ असं उत्तर पाठवलं. त्या क्षणी कुणीतरी C2 मधून D2 वजा केलं असतं, तर गाडी निघालीच नसती.

यातून आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, पॅकिंग झालं की त्याच दिवशी बॅचच्या कार्डावर ‘डॉक शेवट’ ही तारीख मार्करने लिहायची. बेस्ट बिफोरची तारीख गिऱ्हाइकासाठी, ही तारीख आपल्यासाठी. गोदामात रचतानाही आता आधी कोणता बॅच आला हे बघत नाही, ज्याची ‘डॉक शेवट’ आधी तो पुढे लावतो. बहुतेक वेळा दोन्ही एकच निघतं, पण तपासणीत अडकून मागे राहिलेला बॅच असला की फरक पडतो.

दुसरी, साखळीसाठीचा माल पीओ हातात आल्याशिवाय पॅक करायचा नाही. तळून ठेवायचा की नाही हा वेगळा प्रश्न, कारण तळलेल्या मालाचं घड्याळही तेलाच्या खवटपणाच्या दिशेने चालूच असतं. छोट्या युनिटला हे जड जातं, मान्य. भट्टी एकदा पेटली की जास्तीत जास्त काढावं असं वाटतं. आम्ही जास्तीचा माल साखळीच्या पाकिटात न भरता साध्या पाकिटात भरतो आणि सांगली-मिरजेच्या दुकानांत विकतो.

तिसरी, दर साखळीला किमान ५ दिवसांचं अंतर राखून ठेवायचं. ३० दिवसांचा हिशोब आम्ही २५ चा धरतो. दिवाळी, मार्चअखेर, मुसळधार पाऊस यांत डॉकची तारीख हमखास सरकते. नेहमीच्या दिवसांत तो राखीव वेळ वापरायचा नाही.

डॉकवर काय बघतात

हे ठाऊक नसलं तर ताजा मालही परत येतो. पाच टनांची गाडी ते पूर्ण उघडत नाहीत. काही खोकी काढतात, फोडतात, आतल्या पाकिटावरची तारीख वाचतात. खोक्यावरचा स्टिकर आणि आतलं पाकीट यांची तारीख जुळली नाही, तर बाकीचं काही न बघता माल बाजूला जातो. आमच्याकडे एकदा जुन्या बॅचचे स्टिकर उरले होते, मुलाने ते नव्या खोक्यांवर लावले. माल सात दिवसांचा, स्टिकर पंचवीस दिवसांपूर्वीचा.

दोन बॅच एका पीओत मिसळले, तर सगळ्यात जुन्या तारखेने अख्खी ओळ मोजली जाण्याची शक्यता असते. १०० खोकी ताजी आणि २० जुनी पाठवली, तर २० साठी १२० परत येऊ शकतात. मिसळायचेच असतील तर वेगवेगळ्या रांगेत रचा आणि डिलिव्हरी चलनावर बॅचनिहाय खोकी लिहा.

काही साखळ्यांची आणखी एक अट असते: मागच्या डिलिव्हरीपेक्षा जुन्या तारखेचा माल घ्यायचा नाही, टक्के बसत असले तरीही. कारण मागचा माल रॅकवर आहे आणि आता आलेल्याची मुदत आधी संपणार. ही अट करारात शोधा, ती बऱ्याचदा वेगळ्या पानावर असते.

तारीख कशी छापली आहे, यावरही दिवस बुडतात. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या मालावर दिवस न छापता फक्त महिना आणि वर्ष छापायची मुभा आहे, आणि अनेकजण ती वापरतात कारण शिक्का मारायला सोपं. पण रिसीव्हिंगच्या सिस्टीमला पूर्ण तारीख लागते. आमच्या अनुभवात, तारीख दिसली नाही की ते महिन्याची पहिली तारीख धरतात. २८ तारखेला पॅक केलेला माल एका फटक्यात २७ दिवस जुना होतो, आणि ३० दिवसांतले २७ डॉकवर पोचण्याआधीच संपतात. दिवस, महिना, वर्ष पूर्ण छापा. शाई पुसट असेल तर त्या प्रिंटरच्या नॉझलकडे पॅकिंग सुरू करण्याआधी बघा, नंतर नाही.

सगळ्यात वाईट चूक आयटम मास्टरची

माल नोंदवताना साखळी एक फॉर्म भरून घेते. त्यात शेल्फ लाइफ दिवसांत लिहायची असते. हा आकडा त्यांच्या सिस्टीममधल्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या नोंदीत, कायमचा बसतो आणि टक्के काढताना खालचा भागाकार याच आकड्याने होतो. आमच्या एका ओळखीच्या ताईंनी चकलीचा फॉर्म कॉपी करून त्यात चिवड्याचं नाव घातलं. चकली १८० दिवसांची, चिवडा १२० चा. चिवडा आदल्या दिवशी पॅक होऊन डॉकवर गेला, ११९ दिवस शिल्लक. सिस्टीमने ११९ भागिले १८० केलं, ६६ टक्के आलं, लाल दिवा. काल तळलेला माल जुना ठरला. ताईंनी मला फोन केला तेव्हा त्या रडायच्या बेतात होत्या, कारण पाकिटावरची तारीख कितीदा तपासली तरी चूक सापडत नव्हती. चूक तिथे नव्हतीच.

लक्षण ओळखायला सोपं आहे: ताजा माल दर वेळी ठरावीक टक्क्यांच्या आसपास अडकत असेल, तर गोदामात शोधू नका, मास्टर मागून घ्या. ‘चार महिने’ असं लेबलवर लिहिणाऱ्यांनी ते दिवसांत किती होतात ते खरेदीदाराशी आधीच ठरवावं. ३ मार्चपासून चार महिने म्हणजे १२२ दिवस होतात, १२० नाही. दोन दिवसांत काय होतं, हे मी वर सांगितलंच आहे.

कमी पडणार हे आधीच दिसलं तर

गाडी निघण्याच्या आधी टक्के कमी बसताहेत असं कळलं, तर खरेदीदाराच्या कॅटेगरी मॅनेजरला मेल करा: बॅच, पॅकिंगची तारीख, डॉकच्या दिवशी उरणारे दिवस, खोकी. कमी मुदतीचा माल एकदाच चालेल का, असं विचारा. ते सणाआधी कधी कधी हो म्हणतात, कारण माल लगेच खपणार असतो. पण परवानगी मेलवर घ्या आणि त्याची प्रिंट ड्रायव्हरकडे द्या. फोनवर ‘पाठवा हो, बघू’ म्हणणाऱ्या साहेबांना डॉकवरचा मुलगा ओळखत नाही. अट कायमची सैल करून हवी असेल, तर ते फक्त करार नव्याने होताना बोला, आणि टक्क्यांऐवजी दिवस मागा. ‘डॉकवर किमान ८५ दिवस’ हे दोघांनाही पटकन कळतं.

एक वाट मात्र डोक्यातून काढून टाका: तारीख पुसून नवी मारणं. हा गुन्हा आहे, आणि पकडलं जाणं अगदी सोपं, कारण बॅच नंबर आणि तारीख जुळत नाहीत. मुदत वाढवायची असेल तर नायट्रोजन भरलेलं चांगल्या प्रतीचं पाकीट घ्या, प्रयोगशाळेतून टिकाऊपणाची चाचणी करून घ्या, मग १५० दिवस छापा. तेव्हा ७५ टक्क्यांत तुम्हाला ३७ दिवस मिळतील.

गाडी परतच आली तर

डॉकवर भांडू नका. नाकारल्याचं कारण लिहिलेली पावती घ्या, त्यावर किती खोकी आणि कोणत्या तारखेमुळे हे लिहून मागा. बिल आधीच निघालेलं असेल तर त्याची क्रेडिट नोट करावी लागेल. परतीच्या प्रवासाला ई-वे बिल लागतं का, ते तुमच्या अकाउंटंटला तिथूनच फोन करून विचारा, नाहीतर ड्रायव्हर रस्त्यात अडकतो. ट्रकवाला परतीचं भाडं मागणार, ते द्यावं लागतं. आमचं ते भाडं मालाच्या नफ्यापेक्षा जास्त निघालं.

ती १२० खोकी मग आम्ही सांगलीत उतरवली. ८८ दिवसांचा चिवडा कोणत्याही किराणा दुकानाला चालतो, तिथे टक्के कुणी विचारत नाही. पाकिटांवर त्या साखळीसाठी छापलेली ऑफर होती, म्हणून थोडं कमी करून दिला. तेरा दिवसांत संपला.